सबस्क्रिप्शन रद्द करणाऱ्यांची उत्तरे बिलांच्या शेजारी ठेवून कशी वाचावीत

सबस्क्रिप्शन रद्द करणाऱ्या ग्राहकाला बहुतेक कंपन्या जाता जाता कारण विचारतात, आणि तयार उत्तरांच्या यादीत ‘किंमत परवडत नाही’ हा पर्याय जवळजवळ नेहमी असतो. तो निवडणे ग्राहकाला सर्वांत सोयीचे असते. त्यासाठी काही समजावून सांगावे लागत नाही, कोणाच्या कामाला नावे ठेवावी लागत नाहीत आणि नंतर कंपनीतून फोन आलाच तरी वाद घालायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे त्या एका पर्यायाखाली ज्याला खरोखर रक्कम जड झाली तो, ज्याला त्या रकमेच्या बदल्यात काही मिळेनासे झाले तो आणि ज्याच्या खात्यातून चुकीची रक्कम गेली तो, असे तिघेही एकत्र येऊन बसतात. पहिल्यासाठी किमतीचा विचार करावा लागतो, दुसऱ्यासाठी प्रॉडक्ट सुधारावे लागते आणि तिसऱ्यासाठी हिशेब. नुसती उत्तरे मोजून हे तिघे वेगळे करता येत नाहीत. त्यांची बिले शेजारी ठेवली तर बऱ्याच अंशी करता येतात.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ. समजा, दादरमधली एक छोटी कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांना मेंटेनन्सची बिले काढण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर देते. साधारण ५० सदनिकांच्या सोसायटीला महिना १,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपये पडतात, आणि नव्या सोसायटीला काही काळ पहिले वर्ष १,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,१८० रुपयांत दिले गेले होते. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीची माहिती आहे. यातले सर्व आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, मात्र त्यांचे प्रमाण अशा आकाराच्या व्यवसायात दिसू शकेल असेच ठेवले आहे.

आधी कोणाला मोजायचे ते ठरवा

तिमाहीच्या सुरुवातीला ६५४ सोसायट्या पैसे भरत होत्या असे धरू. त्यांपैकी जितक्यांचे सबस्क्रिप्शन थांबले, त्या सगळ्यांनी ते रद्द केले असे नव्हे. भारतात कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून ठरावीक मुदतीने होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे ग्राहकाने आधीच देऊन ठेवलेल्या वसुलीच्या परवानगीचे, नियम लागू आहेत, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेसाठी ग्राहकाला दर वेळी ओटीपीसारखी अधिकची पडताळणी करावी लागते. ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. आता आपल्या उदाहरणातल्या कंपनीने वार्षिक योजना २५ टक्के सवलतीने १३,५०० रुपयांना दिली आहे असे समजा. दरपत्रकावर ती मर्यादेच्या आत दिसते, परंतु जीएसटी धरून प्रत्यक्ष वसुली १५,९३० रुपयांची होते आणि ती पडताळणीशिवाय पुढे जात नाही. सोसायटीच्या खजिनदाराने तो संदेश पाहिलाच नाही, तर सबस्क्रिप्शन बंद पडते. यात नाराजीचा भाग कुठेच नसतो.

म्हणून पहिले काम म्हणजे वसुली अयशस्वी झाल्याने थांबलेली खाती बाजूला काढणे. पैसे गोळा करणाऱ्या सेवेच्या नोंदीत ही स्थिती वेगळी दिसते. उदाहरणार्थ, रेझरपेच्या सबस्क्रिप्शनमध्ये वसुलीचे सर्व प्रयत्न फसल्यावर स्थिती `halted` होते, तर रद्द केलेल्याची `cancelled` असते. स्ट्राइपमध्ये `cancellation_details` या भागात `reason` असते आणि तिथे `payment_failed` व `cancellation_requested` हे निराळे लिहिलेले असतात. आपल्या उदाहरणात अशी १४ खाती निघाली. ती वजा केल्यावर ६४० सोसायट्या उरल्या आणि त्यांपैकी ५८ जणांनी स्वतःहून रद्द केले.

यात एक खाचखळगा आहे. ग्राहक आपल्या यूपीआय अ‍ॅपमधूनच मँडेट रद्द करू शकतो. तसे केल्यास तो आपल्या पडद्यावर येतच नाही, प्रश्नावली पाहत नाही आणि आपल्याकडे केवळ वसुली थांबल्याची नोंद पडते. हा निर्णय मात्र पूर्णपणे त्याचा असतो. मँडेट कोणी रद्द केले याची नोंद मिळत असेल, तर अशी खाती ‘स्वतःहून रद्द’ या गटात, उत्तर कोरे ठेवून घ्यावीत. आपल्या ५८ पैकी १३ जणांचे उत्तर नाही, त्यांत अशी ५ खाती आहेत. उरलेल्या ४५ जणांनी उत्तर दिले: २६ जणांनी ‘किंमत परवडत नाही’, ११ जणांनी ‘हव्या त्या सुविधा नाहीत’ आणि ८ जणांनी इतर काही.

एका ओळीत एक ग्राहक

पुढची पायरी तक्त्याची. प्रत्येक सोसायटीसाठी एकच ओळ हवी आणि त्या ओळीत पुढील गोष्टी हव्यात: निवडलेला पर्याय, मोकळ्या चौकटीत लिहिलेला मजकूर, रद्द करण्याची विनंती केल्याची तारीख, त्याआधीच्या तीन-चार वसुलींच्या रकमा, सवलत संपल्याची किंवा योजना बदलल्याची तारीख, परत केलेली किंवा दोनदा गेलेली एखादी रक्कम आणि प्रॉडक्टच्या मुख्य वापराची शेवटची तारीख. माहिती डेटाबेसमध्ये असेल तर सुरुवात अशी करता येते:

```sql
SELECT s.customer_id, s.reason, s.comment,
       s.requested_at AT TIME ZONE 'UTC'
         AT TIME ZONE 'Asia/Kolkata' AS requested_ist,
       i.paid_at AT TIME ZONE 'UTC'
         AT TIME ZONE 'Asia/Kolkata' AS paid_ist,
       i.amount / 100.0 AS rupees
FROM survey s
LEFT JOIN invoices i
  ON i.customer_id = s.customer_id
 AND i.paid_at < s.requested_at
ORDER BY s.customer_id, i.paid_at;
```

यातून प्रत्येक बिलासाठी एक ओळ येते. बारा बिले भरलेली सोसायटी इथे बारा वेळा दिसते, त्यामुळे या टप्प्यावर ओळी मोजून ‘इतक्यांनी महाग म्हटले’ असे लिहिले तर जुने ग्राहक अनेक पटींनी मोजले जातात. बिले प्रत्येक ग्राहकाच्या एका ओळीत आडवी मांडल्यावरच मोजणी करावी. हेच काम एक्सेलमध्ये `XLOOKUP` वापरून करणाऱ्यांना उलटी अडचण येते, कारण ते सूत्र पहिली जुळणारी नोंद घेऊन थांबते आणि बाकीची बिले दिसतच नाहीत.

वरच्या एसक्यूएल क्वेरीतल्या दोन गोष्टींचे कारण सांगायला हवे. अनेक सेवा रक्कम पैशांत साठवतात, म्हणजे १,७७० रुपये तिथे `177000` असे दिसतात. म्हणून शंभराने भागले आहे. आणि वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते, जी आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. १ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला झालेली नोंद तिथे ३१ ऑगस्टची दिसते. वसुली १ तारखेला होत असेल, तर रद्द करण्याची विनंती वसुलीआधी आली की नंतर, हा प्रश्न या साडेपाच तासांवर ठरतो, आणि पुढच्या सगळ्या वाचनात तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

तारीखही योग्य ती घ्यावी. ग्राहक आज रद्द करतो, पण भरलेल्या मुदतीच्या अखेरपर्यंत सेवा चालू राहते, अशी पद्धत सर्रास असते. विश्लेषणासाठी विनंतीची तारीख हवी. सेवा प्रत्यक्ष थांबल्याची तारीख घेतली तर सगळेच जण वसुलीच्या दिवशी गेले असे वाटू लागते.

मोकळ्या मजकुरात लोक फोन नंबर, सदनिका क्रमांक, कधी शेजाऱ्यांची नावेही लिहून जातात. तक्ता दुसऱ्या कोणाला पाठवण्याआधी ती काढून टाकावीत.

उत्तर झाकून आधी बिल वाचा

तक्ता तयार झाला की उत्तराचे दोन्ही स्तंभ लपवावेत आणि केवळ बिलांकडे पाहून प्रत्येक सोसायटीपुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: ‘वाढले’, ‘तेच’ किंवा ‘चुकले’. उत्तर डोळ्यांसमोर असताना बिल वाचले, तर ‘महाग’ म्हणणाऱ्याच्या बिलात आपण वाढ शोधत बसतो आणि सहा महिन्यांपूर्वीची किरकोळ वाढही कारण म्हणून धरतो. शक्य असल्यास हे काम दोघांनी वेगवेगळे करावे आणि जिथे शेरे जुळत नाहीत तेवढ्यांवरच बोलावे.

‘वाढले’ हा शेरा देताना किती दिवसांपूर्वीची वाढ धरायची, हे ग्राहकाच्या निर्णयाच्या वेगावर ठरवावे. एकटा माणूस मोबाइलवर संदेश पाहून दोन-तीन दिवसांत रद्द करतो. सोसायटीत तसे होत नाही. वाढलेली रक्कम खजिनदाराला बँकेच्या पासबुकात दिसते, तो विषय महिन्याच्या कमिटीच्या बैठकीत निघतो आणि तिथे ठराव झाला की मग कोणी तरी रद्द करायला बसतो. म्हणून इथे वाढीनंतरचे ४५ दिवस धरणे योग्य ठरेल.

वसुलीच्या अगदी आदल्या दिवशी रद्द झालेली खाती पाहून नवखा माणूस हमखास फसतो. ई-मँडेटच्या नियमांनुसार वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि त्या सूचनेतूनच वसुली नाकारण्याची सोय असते. जो ग्राहक दोन महिन्यांपासून प्रॉडक्ट वापरत नव्हता, त्याला ती सूचना पाहून सबस्क्रिप्शन चालू असल्याची आठवण होते आणि तो ते बंद करतो. वसुलीच्या जवळची तारीख म्हणजे किमतीची तक्रार, असा अर्थ परदेशी लेख वाचून लावला जातो. आपल्याकडे त्या तारखेचे महत्त्व बरेच कमी धरावे आणि रक्कम बदलली होती का, याकडे अधिक पाहावे.

‘चुकले’ या शेऱ्यात दोनदा गेलेली रक्कम, सदनिका कमी करूनही जुन्याच दराने झालेली वसुली आणि दर सांगताना न सांगितलेला जीएसटी असे प्रकार येतात. शेवटचा प्रकार सोसायट्यांच्या बाबतीत अधिक लागतो. जीएसटीत नोंदणीकृत असलेला व्यापारी भरलेल्या कराचे क्रेडिट घेऊ शकतो, त्यामुळे त्याला १८ टक्क्यांचा भार सहसा जाणवत नाही. अनेक लहान सोसायट्या नोंदणीकृत नसतात आणि त्यांच्यासाठी १,५०० म्हणजे सरळ १,७७० असतात. दरपत्रकावर १,५०० वाचून पहिल्याच बिलात २७० रुपये जास्त पाहणारा खजिनदार ‘परवडत नाही’ असेच लिहील, पण त्याची तक्रार न सांगण्याबद्दलची आहे.

२६ उत्तरांची वाटणी

बिलाचे शेरे झाले की वापराचा स्तंभ घ्यावा. इथे लॉगिनची संख्या फारशी उपयोगी नसते, कारण सोसायटीचा मॅनेजर एखादी थकबाकी पाहण्यासाठी रोज आत येत असेल आणि तरीही बिले एक्सेलमध्ये काढत असेल. प्रॉडक्ट ज्या कामासाठी घेतले, ते काम शेवटी कधी झाले, हे पाहावे. इथे ते काम मेंटेनन्सची बिले काढणे हे आहे. मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्या तीन महिन्यांनी एकदाच बिले काढतात. दोन महिने बिल निघाले नाही म्हणून अशा सोसायटीला ‘वापर थांबला’ म्हटले, तर ते चुकीचे होईल. प्रत्येक सोसायटीचे आधीचे चक्र पाहून, दोन चक्रे सलग चुकली असतील तरच वापर थांबला असे धरावे.

आता उत्तरांचे स्तंभ उघडले. ‘किंमत परवडत नाही’ म्हणणाऱ्या २६ पैकी ११ जणांचे बिल वाढले होते, ४ जणांचे चुकले होते आणि ११ जणांचे तेच होते.

बिल वाढलेल्या ११ पैकी ८ सोसायट्या शेवटपर्यंत नियमित बिले काढत होत्या. पहिल्या वर्षाची सवलत संपली, महिन्याची वसुली १,१८० वरून १,७७० झाली आणि त्यानंतरच्या बैठकीत रद्द करण्याचा निर्णय झाला. या आठांची तक्रार किमतीचीच आहे, असे बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते. उरलेल्या तिघांनी मात्र सवलत चालू असतानाच बिले काढणे थांबवले होते. १,१८० रुपये असतानाही ज्यांना प्रॉडक्ट वापरावेसे वाटले नाही, त्यांनी १,७७० झाल्यावर ते बंद केले, यात नवल नाही. वाढीने फक्त निर्णयाची तारीख ठरवली. या तिघांना मी प्रॉडक्टच्या बाजूला घालीन. इथे मतभेद होऊ शकतो, म्हणून अहवालात ते वेगळे दाखवावेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपला निर्णय बदलून पाहता येतो.

बिल तेच असलेल्या ११ पैकी ८ सोसायट्यांचा वापर थांबलेला होता. रक्कम वर्षभर बदलली नव्हती, मग ती आताच महाग का वाटली, याचे उत्तर त्यांच्या मोकळ्या मजकुरात सापडते. ‘एवढे पैसे देऊनही थकबाकीवरचे व्याज हाताने काढावे लागते’ अशा वाक्यात तक्रार ‘देऊनही’च्या पुढे आहे. व्याजाचा दर प्रत्येक सोसायटीच्या उपविधींनुसार आणि ठरावानुसार ठरतो, त्याची आकारणी कोणत्या तारखेपासून करायची यातही फरक असतो, आणि सॉफ्टवेअर ते नीट करत नसेल तर खजिनदाराचे काम वाचतच नाही. मजकूर वाचताना किमतीच्या उल्लेखाजवळ एखाद्या कामाचे नाव येते का, ते पाहावे. काम आले तर बहुधा प्रॉडक्ट. कमिटी, बजेट, शिल्लक, सभासदांचा विरोध असे आले तर बहुधा किंमत. लोक मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून आणि बऱ्याचदा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे शब्द शोधणाऱ्या सूत्रावर हे काम सोपवू नये. २६ उत्तरे वाचायला फार वेळ लागत नाही.

शेवटचे ३ असे आहेत की ज्यांचे बिल तेच आहे आणि वापरही नियमित आहे. यांच्याबाबत तक्ता काहीच सांगू शकत नाही. त्यांना ‘अनिर्णित’ ठेवावे. कोणत्या तरी रकान्यात बसवण्याचा मोह इथे होतो, आणि तो बहुधा विश्लेषण करणाऱ्याच्या आधीच्या मताकडे झुकतो.

म्हणजे २६ पैकी किंमत ८, प्रॉडक्ट ११, बिलातील चूक ४ आणि अनिर्णित ३. उत्तरे नुसती मोजली असती तर ‘निम्म्याहून अधिक ग्राहक किमतीमुळे गेले’ असे सादरीकरणात छापले गेले असते.

जे गेले नाहीत त्यांच्याशी तुलना

आतापर्यंत आपण केवळ गेलेल्यांकडे पाहिले. सवलत संपल्यावर किमतीमुळे ८ जण गेले हे खरे, पण सवलत संपूनही राहिलेले किती, हे माहीत नसताना त्या ८ चा अर्थ लागत नाही. बिलांची माहिती सर्व ग्राहकांची असते आणि प्रश्नावली केवळ जाणाऱ्यांची असते, म्हणून ही तुलना बिलांवरूनच करावी लागते.

या तिमाहीत ६० सोसायट्यांची सवलत संपली आणि त्यांतल्या १२ गेल्या, म्हणजे २० टक्के. (११ जणांनी किंमत हे कारण दिले, एकाने दुसरे.) बाकीच्या ५८० पैकी ४६ गेल्या, म्हणजे सुमारे ८ टक्के. इथे थांबले तर सवलत संपण्याने गळती अडीचपट होते, असा निष्कर्ष निघतो.

तो जरा घाईचा आहे. सवलत संपते तेव्हाच पहिले वर्षही संपते, आणि वर्ष पूर्ण होणे हा स्वतंत्र प्रसंग असतो. त्यात ही तिमाही जुलै ते सप्टेंबरची आहे. सहकारी सोसायट्यांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेत खर्चाचा एकेक आकडा वाचला जातो आणि कधी कमिटीही बदलते. नवा खजिनदार स्वतःच्या ओळखीचा अकाउंटंट घेऊन येतो आणि सॉफ्टवेअर जाते. म्हणून तुलनेसाठी असा गट हवा, ज्याचे पहिले वर्ष याच तिमाहीत संपले पण ज्याला सवलत नव्हती. आपल्या उदाहरणात अशा ४० सोसायट्या आहेत आणि त्यांतल्या ४ गेल्या, म्हणजे १० टक्के. उरलेल्या ५४० पैकी ४२ गेल्या, सुमारे ८ टक्के.

याचा अर्थ असा लावता येतो की, सवलत नसती तरी त्या ६० पैकी साधारण ६ जण वर्षाच्या शेवटी गेलेच असते आणि आणखी ६ जणांच्या जाण्याला किमतीची वाढ जबाबदार असावी. एकेक बिल वाचून आपण ८ जणांना किमतीच्या बाजूला ठेवले होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, इतकेच म्हणावे. ४० च्या गटात दोनच सोसायट्या अधिक गेल्या असत्या तर १० चे १५ टक्के झाले असते, त्यामुळे दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही. शिवाय सवलत पाहून आलेला ग्राहक मुळातच किमतीबाबत अधिक जागरूक असण्याची शक्यता असते. दोन्ही गट सारखेच होते, असे गृहीत धरता येत नाही.

‘सुविधा नाहीत’ या उत्तरामागची किंमत

गल्लत उलट दिशेनेही होते आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ‘हव्या त्या सुविधा नाहीत’ म्हणणाऱ्या ११ जणांनी कोणती सुविधा मागितली, ते मोकळ्या मजकुरातून काढावे आणि ती त्यांच्या योजनेत होती का, हे बिलावरच्या योजनेच्या नावावरून पाहावे. इथे ११ पैकी ५ जणांना टॅलीमध्ये नेता येईल असा हिशेब हवा होता, जो कंपनीच्या वरच्या योजनेत आधीपासून आहे. त्यांतल्या दोघांच्या बिलांत तर दिसते की ते पूर्वी त्याच योजनेत होते आणि पैसे वाचवण्यासाठी खाली आले. सुविधा अस्तित्वात आहे, पण तिच्यासाठी मागितलेली रक्कम त्यांना मान्य नाही. ही तक्रार प्रॉडक्ट बनवणाऱ्यांकडे पाठवली तर ते ‘हे तर आहेच’ म्हणून ती बंद करतील. ती योजनांची मांडणी ठरवणाऱ्याकडे जायला हवी.

उरलेल्या ६ जणांना हवी असलेली गोष्ट कोणत्याच योजनेत नव्हती. ते प्रॉडक्टच्या बाजूला.

रद्द करताना सवलत देऊ करणारा पडदा असेल, तर त्याच्याही नोंदी पाहाव्यात. जो ग्राहक कमी दर स्वीकारून राहतो आणि तरीही पुढच्या दोन-तीन चक्रांत काम न करता निघून जातो, त्याची तक्रार किमतीची नव्हती. सवलत घेऊन टिकून राहिलेल्यावरून मात्र फार काही सिद्ध होत नाही, कारण स्वस्त मिळत असेल तर पूर्ण समाधानी ग्राहकही ते घेतो.

अनिर्णितांना फोन

तिघेच असल्याने फोन करणे सोपे आहे. ‘तुम्ही का सोडले’ असे विचारले तर प्रश्नावलीतलेच उत्तर परत येते. त्याऐवजी ‘आता बिले कशी काढता आणि त्याला महिन्याला किती खर्च येतो’ असे विचारावे. आता अधिक खर्च करत असतील, तर किंमत हे कारण नव्हते. अर्धवेळ अकाउंटंटला दोन हजार रुपये देऊन तेच काम करून घेणारी सोसायटी सॉफ्टवेअर महाग म्हणते, तेव्हा तिला माणूस हवा आहे, जो बिले काढण्याबरोबर ती वाटेल, चेक भरेल आणि ऑडिटरसमोर बसेल. आणि मुंबईत आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी: इमारत पुनर्विकासाला गेली, सभासद भाड्याच्या घरांत पांगले आणि मेंटेनन्स गोळा करण्याचे कामच थांबले. अशी सोसायटी शेवटच्या महिन्यापर्यंत नीट बिले काढते, मग एकदम रद्द करते आणि कारण म्हणून जो पर्याय वर दिसेल तो निवडते. तिला किंमत किंवा प्रॉडक्ट यांपैकी कुठेही घालू नये.

प्रश्नावलीत करायचा बदल

वाचन झाल्यावर प्रश्नावली सुधारता येते. ‘किंमत परवडत नाही’ या एका पर्यायाऐवजी ‘अलीकडे रक्कम वाढली’, ‘या रकमेत मिळणारा उपयोग पुरेसा वाटत नाही’ आणि ‘बिलात चूक किंवा अनपेक्षित रक्कम होती’ असे तीन पर्याय ठेवावेत, आणि सोसायट्यांसाठी ‘आता गरज उरली नाही’ हाही. पर्यायांचा क्रम प्रत्येक ग्राहकाला वेगळा दाखवावा, म्हणजे पहिल्या जागेचा फायदा कोणत्याच एका पर्यायाला सतत मिळत नाही; फक्त ‘इतर’ शेवटी ठेवावा. बदल केल्याची तारीख तक्त्यात लिहून ठेवावी आणि त्याआधीच्या तिमाहीतील टक्केवारीशी नव्या टक्केवारीची थेट तुलना करू नये, कारण पर्याय वाढले की जुन्या पर्यायाचा वाटा आपोआप घटतो. बिलांचे शेरे मात्र दोन्ही काळांत एकाच पद्धतीने दिलेले असतील, तर त्यांची तुलना करता येते, आणि नवे पर्याय ग्राहकांना नीट कळले आहेत का, हेही त्यातूनच तपासता येते: ‘अलीकडे रक्कम वाढली’ निवडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बिलावर ‘तेच’ असा शेरा येत असेल, तर त्या पर्यायाची शब्दरचना पुन्हा करावी लागेल.